सावलीचा अंदाज चुकतो कुठे? सूर्यमार्ग आकृती आणि फोनवरचं ॲप वापरताना या चुका टाळा

मी स्वतः केलेल्या एका चुकीपासून सुरुवात करतो, कारण ती जवळजवळ सगळेच करतात.

जागा 20° उत्तर अक्षांशावरची. दक्षिणेला पूर्व-पश्चिम पसरलेली, 8 मीटर उंच लांबलचक भिंत. तिच्यापासून 7.5 मीटरवर भाजीचा वाफा करायचा होता. वाफ्याच्या जागी उभं राहून मी ॲप उघडलं, कॅमेरा भिंतीकडे धरला आणि 21 डिसेंबरची सूर्याची वाट पडद्यावर पाहिली. सकाळी साडेनऊच्या सुमारास सूर्य भिंतीच्या वर येत होता आणि अडीचच्या पुढे परत मागे जात होता. म्हणजे पाच तास ऊन. वाफा केला, आणि ऐन डिसेंबरात मातीवर दिवसभर सावली राहिली.

ॲप खोटं बोललं नव्हतं. त्याने माझ्या डोळ्यांच्या उंचीवरून, म्हणजे जमिनीपासून 1.5 मीटरवरून काय दिसतं ते सांगितलं. तिथून भिंत फक्त 6.5 मीटर वर जाते. 6.5 भागिले 7.5 म्हणजे 0.87, आणि हा कोन होतो 41°. मातीवरून तीच भिंत पूर्ण 8 मीटर उंच असते. 8 भागिले 7.5 म्हणजे 1.07, कोन 47°. आता सूर्य किती वर चढतो ते पाहा. माध्यान्हीची उंची काढायला 90 मधून अक्षांश वजा करायचा आणि सूर्याची क्रांती, म्हणजे तो विषुववृत्तापासून किती अंश उत्तरेला किंवा दक्षिणेला आहे ते, मिळवायची. 21 डिसेंबरला क्रांती उणे 23.4° असते, म्हणून 90 − 20 − 23.4 = 46.6°. डोळ्यांपासून पाहिलं तर सूर्य भिंतीच्या बराच वर जातो. मातीवरून पाहिलं तर त्याची वाट दिवसभर भिंतीच्या काठाखालीच राहते.

म्हणून फोन डोळ्यांपाशी धरू नका. जिथे ऊन हवं आहे तिथे धरा: वाफा असेल तर जमिनीला टेकवून, खिडकी असेल तर तिच्या खालच्या काठाशी, सौर पॅनेल असेल तर पॅनेलच्या खालच्या कडेपाशी. वाकायला त्रास होतो म्हणून लोक हे टाळतात, पण त्याच दीड मीटरमध्ये अख्खा हिवाळा हरवू शकतो.

याच उदाहरणातली आणखी एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. वाफा भिंतीपासून अर्धा मीटर लांब, म्हणजे 8 मीटरवर नेला, तर 21 डिसेंबरला जवळजवळ तीन तास ऊन मिळतं. 8.5 मीटरवर नेला तर चार तास. कारण लांब भिंतीच्या काठाशी तुलना करता हिवाळ्यातला सूर्य दुपारच्या आसपास बराच वेळ जवळपास एकाच पातळीवर राहतो. काठ थोडा खाली गेला की तासभर नव्हे, तीन-चार तास मोकळे होतात. त्यामुळे अंतर पावलांनी मोजू नका, टेपने मोजा. भिंतीची उंचीही नजरेने ठरवू नका.

आता दिशेबद्दल. फोनचं होकायंत्र लोखंडाजवळ भरकटतं: जिन्याचं रेलिंग, काँक्रीटमधल्या सळया, उभी गाडी, फोनच्या कव्हरमधलं चुंबक. आपल्याच उदाहरणात डिसेंबरमध्ये सकाळी 9 ते 10 या सौर वेळेत, म्हणजे सूर्यावरून मोजलेल्या वेळेत, सूर्याची दिशा सुमारे 12° सरकते. होकायंत्र 15° चुकलं तर सावलीची वेळ तासाहून जास्त चुकते. सरळ लांब भिंतीपुढे हे पटकन लक्षात येत नाही, पण दोन इमारतींमधल्या फटीतून ऊन यायचं असेल तर सगळा हिशेब कोसळतो.

तपासायची पद्धत सोपी आहे. सकाळी किंवा दुपार कलल्यावर ॲपमधलं सूर्याचं चिन्ह खऱ्या सूर्यावर बसतंय का ते पाहा. सूर्याकडे थेट बघू नका. पडद्यावर बघा किंवा उभ्या काठीच्या सावलीची रेघ जुळवा. चिन्ह डावी-उजवीकडे सरकलेलं असेल तर दोष होकायंत्राचा. फोन आठच्या आकारात फिरवून पुन्हा पाहा, नाहीतर दोन-चार पावलं बाजूला जा. सूर्य डोक्यावर असताना ही तपासणी करू नका, तेव्हा दिशेतला फरक नीट कळत नाही. बऱ्याच ॲपमध्ये होकायंत्राची चुंबकीय उत्तर आणि भौगोलिक ध्रुवाकडची खरी उत्तर यांतली निवड असते, तीही पाहून घ्या. कागदावरची सूर्यमार्ग आकृती, म्हणजे एका अक्षांशावरून दिसणाऱ्या सूर्याच्या वर्षभरातल्या वाटांचा नकाशा, कायम खऱ्या उत्तरेवर आखलेली असते, आणि काही ठिकाणी या दोन उत्तरांमध्ये दहा अंशांहून जास्त फरक पडतो.

कागदी आकृती वापरणाऱ्यांची हमखास गफलत वेळेची होते. तिच्यावरचे तास बहुधा सौर वेळेचे असतात. सूर्य बरोबर दक्षिणोत्तर रेषेवर आला की 12. तुमचं घड्याळ प्रमाणवेळेचं. प्रमाण रेखांशापासून दर अंशाला 4 मिनिटं फरक पडतो. त्यात वर्षभरात फेब्रुवारीच्या मध्याला सूर्य सुमारे 14 मिनिटं मागे आणि नोव्हेंबरच्या सुरुवातीला सुमारे 16 मिनिटं पुढे असतो. ॲप घड्याळाची वेळ दाखवतं. दोन्हींचे आकडे एकाच तक्त्यात लिहिले की मेळ बसत नाही आणि लोक ॲपला दोष देतात.

उन्हाळ्याचा भाग वेगळाच. 21 जूनला याच 20° अक्षांशावर सूर्य माध्यान्हीला डोक्यावरून 3.4° उत्तरेकडे झुकलेला असतो, आणि दिवसभर उत्तरेच्या बाजूलाच राहतो. दक्षिणेची ती 8 मीटरची भिंत त्या दिवशी वाफ्यावर जराही सावली टाकत नाही. उलट उत्तरेची खिडकी सावलीतली समजून मोकळी सोडलेली असते आणि सकाळी 9 लाही तिच्यावर तिरपं ऊन येतं. कर्कवृत्ताच्या उत्तरेला राहणाऱ्यांसाठी लिहिलेला सल्ला, की दुपारचा सूर्य कायम दक्षिणेला असतो, इथे चालत नाही.

पण 21 जून म्हणजेच उन्हाळा, असं धरून छज्जा ठरवणं ही मला त्याहून मोठी चूक वाटते. आकृतीवर प्रत्येक मधल्या रेघेला दोन तारखा असतात. एप्रिलच्या मध्याची रेघ आणि ऑगस्टच्या अखेरची रेघ एकच. सूर्याची वाट तीच, हवा मात्र तीच नाही. जिथे एप्रिल-मे सर्वात तापतात आणि ऑगस्टला ढग असतात, तिथे एप्रिलच्या रेघेवर सावली हवी. जून पाहून ठरवलेला दक्षिणेचा छज्जा एप्रिलच्या मध्यासाठी अपुरा पडतो, कारण तेव्हा सूर्य दुपारी सुमारे 80° वर, दक्षिणेच्या बाजूला असतो.

झाडांचंही तसंच. ॲपला झाड आज दिसतं तसंच कळतं. पानगळीच्या झाडाखाली पानं असताना मोजणी केली तर हिवाळ्यातली सावली जास्त धरली जाते. काही झाडं मात्र थंडीत नाही, कोरड्या उन्हाळ्याच्या तोंडावर पानं टाकतात. तेव्हा ते झाड नेमकं कोणत्या महिन्यात उघडं पडतं ते आधी विचारून घ्या आणि आकृतीवर त्याचा आकार दोनदा काढा, एकदा पानांसह आणि एकदा पानांशिवाय.