भागायचं p° ने की p ने?

सोलापुरात अकरावी-बारावीच्या मुलांची केमिस्ट्रीची शिकवणी घेताना 'सोल्युशन्स' प्रकरणात दर वर्षी एकाच ठिकाणी गाडी अडते. राउल्टचा नियम पाठ असतो, उत्कलनबिंदूतल्या वाढीचं सूत्रही पाठ असतं. पण पहिल्यात मोल फ्रॅक्शन आहे आणि दुसऱ्यात मोलॅलिटी. त्यामुळे गणितात बाष्पदाब दिला आणि उत्कलनबिंदू विचारला, की मुलं पेन खाली ठेवतात. एकातून दुसऱ्यात कसं जायचं, एवढंच एका गणितावरून सांगतो.

एका अबाष्पनशील पदार्थाचे ९० ग्रॅम १८० ग्रॅम पाण्यात विरघळवले. पदार्थाचं विचरण होत नाही, म्हणजे पाण्यात त्याचे आयन होत नाहीत. २५ अंश सेल्सिअसला शुद्ध पाण्याचा बाष्पदाब p° २३.७६ मिमी पारा, द्रावणाचा p २२.६३. पदार्थाचं मोलर मास काढा आणि द्रावणाचा उत्कलनबिंदू किती वाढेल ते सांगा. पाण्याचा K_b ०.५२ घ्या.

बाष्पदाब १.१३ ने घटला. बहुतेक मुलं त्याला २३.७६ ने भागतात. उत्तर येतं ०.०४७६. इथवर काहीच बिघडलेलं नाही, हीच सापेक्ष घट आणि हेच द्राव्याचं मोल फ्रॅक्शन. घोळ पुढच्या ओळीत होतो. द्राव्याचे मोल पाण्याच्या मोलांपुढे थोडेच आहेत असं धरून मोल फ्रॅक्शनच्या n₁ + n₂ या छेदातला n₂ सोडून दिला जातो आणि ०.०४७६ ला सरळ n₂/n₁ मानलं जातं. पाणी १८० ग्रॅम, म्हणजे १० मोल. मग द्राव्य ०.४७६ मोल आणि मोलर मास १८९. खरं उत्तर १८० आहे, पदार्थ ग्लुकोज आहे. पाच टक्क्यांची ही चूक कॅल्क्युलेटरची नाही, सोडून दिलेल्या त्या n₂ ची आहे. वस्तुनिष्ठ प्रश्नात १८० आणि १८९ असे दोन्ही पर्याय शेजारी असले, तर मार्क तिथेच जातो.

आता राउल्टच्या नियमाकडे शांतपणे बघा. द्रावणाचा बाष्पदाब p म्हणजे x₁p°. घट म्हणजे x₂p°. या घटीला p° ऐवजी p ने भागलं तर p° कटतो आणि x₂/x₁ उरतो. दोन मोल फ्रॅक्शनचा भागाकार करताना एकूण मोलही कटतात, म्हणून

```
(p° − p) / p = n₂ / n₁
```

यात काहीही सोडून दिलेलं नाही. राउल्टचा नियम जेवढा लागू, तेवढंच हे समीकरण अचूक. १.१३ ला २२.६३ ने भागा, ०.०४९९ येतं. पाणी १० मोल, म्हणून द्राव्य ०.४९९ मोल, आणि ९० भागिले ०.४९९ म्हणजे जवळजवळ १८०. मी मुलांना हीच सवय लावायला सांगतो: प्रश्नात 'सापेक्ष घट' किंवा मोल फ्रॅक्शन विचारलं असेल तर p° ने भागा, मोलर मास किंवा मोलॅलिटी हवी असेल तर p ने.

मोलॅलिटीचं नाव इथे मुद्दाम घेतलं, कारण पलीकडे जायची वाट याच गुणोत्तरातून आहे. मोलॅलिटी म्हणजे १ किलो द्रावकातले द्राव्याचे मोल. १ किलो पाण्यात १००० भागिले १८, म्हणजे ५५.५६ मोल पाणी असतं. पाण्याच्या एका मोलामागे द्राव्याचे ०.०५ मोल असतील, तर ५५.५६ मोलांमागे २.७८. झाली मोलॅलिटी. द्रावणाची घनता लागली नाही की आकारमान लागलं नाही. तिला ०.५२ ने गुणलं की उत्कलनबिंदूतली वाढ १.४४ अंश.

बाष्पदाबातली घट आणि उत्कलनबिंदूतली वाढ या दोन गोष्टी नुसत्या सूत्रांनीच जोडलेल्या नाहीत, हे पटायला आणखी एक छोटा हिशोब करून बघा. १०० अंशाला शुद्ध पाण्याचा बाष्पदाब ७६० मिमी. आपल्या द्रावणाचा त्याहून ४.७६ टक्क्यांनी कमी, म्हणजे ३६ मिमीने कमी. म्हणून ते १०० ला उकळणार नाही. शंभरीच्या आसपास पाण्याचा बाष्पदाब एका अंशाला साधारण २७ मिमी वाढतो. ३६ ची तूट भरून काढायला सव्वा ते दीड अंश तापवावं लागेल. K_b न वापरताही आपण त्याच उत्तराजवळ आलो. नीट हिशोब केला तर १.४ अंशाहून किंचित कमी येतं, १.४४ नाही. मुख्य कारण म्हणजे K_b चं सूत्र विरल द्रावणासाठीच बसवलेलं आहे आणि आपलं द्रावण चांगलंच गाढ आहे. परीक्षेत १.४४ च लिहायचं, फक्त हा फरक कुठून आला ते ठाऊक असू द्या.

आता प्रयोगशाळेतली गोष्ट, आणि ही सोलापूरकरांनी खास लक्षात ठेवायची. आपलं शहर समुद्रसपाटीपासून साधारण साडेचारशे मीटर उंचावर आहे. हवेचा दाब ७६० मिमी नसून ७२० च्या आसपास असतो, त्यामुळे शुद्ध पाणी इथे साधारण ९८.५ अंशालाच उकळतं. हेच ग्लुकोजचं द्रावण उकळायला ठेवलं तर थर्मामीटर शंभराच्या अगदी जवळ थांबतो. "सर, वाढ झालीच नाही," असं मुलं म्हणतात, कारण त्यांनी वाचनातून १०० वजा केलेले असतात. वाढ झालेली असते, वजा करायचा आकडा चुकलेला असतो. आधी त्याच थर्मामीटरने, त्याच दिवशी, त्याच भांड्यात नुसतं डिस्टिल्ड वॉटर उकळून वाचन घ्या आणि ते वजा करा. थर्मामीटरमध्ये थोडा दोष असला तर तोही या वजाबाकीत निघून जातो.

द्रावण उकळत असताना वाचन हळूहळू वर सरकत राहिलं तरी घाबरू नका. वाफ होऊन पाणी जातं, ग्लुकोज आहे तिथेच राहतं, म्हणून मोलॅलिटी वाढत जाते. १८० पैकी १८ ग्रॅम पाणी उडालं तर मोलॅलिटी ३.०९ होते आणि वाढ १.६ अंशावर जाते. म्हणून उकळी स्थिर झाल्याबरोबर वाचन घ्या किंवा उभा कंडेन्सर लावून वाफ परत फ्लास्कमध्ये उतरवा. भांड्यात पोर्सेलिनचे दोन-तीन तुकडेही टाका, नाहीतर द्रव उत्कलनबिंदूच्या वर तापून एकदम उसळतो आणि वाचन खोटं येतं.

एवढं गाढ द्रावण मी मुद्दाम घेतलं. ९० ऐवजी ९ ग्रॅम ग्लुकोज घेतलं, तर n₂ सोडून देण्याने फक्त अर्ध्या टक्क्याची चूक होते. पण मग बाष्पदाबातली घट ०.१२ मिमी आणि उत्कलनबिंदूतली वाढ ०.१४ अंश एवढीच उरते. शाळा-कॉलेजच्या एक अंशाच्या खुणांच्या थर्मामीटरवर ती दिसणारच नाही. कागदावरही २३.७६ मधून २३.६४ वजा करून ०.१२ आणलं, तर p ने भागूनही मोलर मास १७७ येतं, कारण दशांशाचं तिसरं स्थळ आधीच गेलेलं असतं. अशा गणितात दाब तीन दशांश स्थळांपर्यंत दिला आहे का, हे आधी बघा. दिला असेल तर वजाबाकी संपेपर्यंत एकही अंक गोल करू नका.