सिझरनंतरचे पहिले २४ तास : नर्सिंगच्या असाइनमेंटमध्ये आणि वॉर्डात या चुका टाळा

बाळंतिणींच्या वॉर्डात मी बरीच वर्षं काढली आहेत आणि आता विद्यार्थिनींच्या केअर प्लॅनच्या वह्याही तपासते. दर बॅचला त्याच चुका दिसतात, म्हणून एकदा सविस्तर लिहून टाकते.

पहिली चूक म्हणजे "रक्तस्राव सामान्य" असं लिहून मोकळं होणं. सामान्य कशावरून? विचारलं की उत्तर येतं, "पॅड पाहिला, मॅडम." पण पाठीवर झोपलेल्या बाईचं रक्त पॅडवर थांबत नाही. ते मांड्यांमधून मागे जातं आणि कमरेखाली साठतं. पॅड वरून जवळजवळ कोरडा आणि खाली चादर भिजलेली, हे मी अनेकदा पाहिलंय.

माझ्या नोकरीच्या पहिल्या वर्षातली रात्रपाळी सांगते. सिझर होऊन तीन तास झालेली बाई होती. हँडओव्हरमध्ये "ब्लीडिंग नाही, बीपी छान" असं मिळालं होतं. बीपी खरंच ११०/७० होतं. पण तक्त्यावर नाडी ८८, मग १०४, आणि मी मोजली तेव्हा ११८. पॅडवर तळहाताएवढा डाग. बाई म्हणत होती, "काही नाही हो सिस्टर, फक्त तहान लागलीय." मावशींना हाताशी घेऊन तिला कुशीवर वळवलं, तर कमरेपासून गुडघ्यापर्यंत चादर लाल आणि मध्ये गाठी. पोटावर हात ठेवला. पिशवी बेंबीच्या वर सरकलेली, उजवीकडे कललेली आणि कणकेच्या गोळ्यासारखी मऊ. युरिन बॅग मात्र रिकामी, कारण कॅथेटरची नळी मांडीखाली दबलेली होती. नळी सरळ केल्याबरोबर बॅगेत जवळपास अर्धा लिटर लघवी आली. मी पिशवी चोळत राहिले आणि मावशींना डॉक्टरांकडे पिटाळलं. ऑक्सिटोसिन सुरू झालं, पिशवी घट्ट झाली, रक्त थांबलं. नंतर ती चादर आणि पॅड बाळांच्या वजनकाट्यावर ठेवले आणि तशाच कोरड्या चादरीचं व पॅडचं वजन वजा केलं. ७०० ग्रॅम, म्हणजे साधारण ७०० मिली. ऑपरेशनच्या टेबलावर गेलेलं रक्त वेगळंच.

या एका बाईकडून पाच गोष्टी शिकून घ्या. भरलेलं मूत्राशय पिशवीला आकुंचन पावू देत नाही, म्हणून रक्त वाढलं की आधी नळी आणि बॅग पाहा. तरुण बाईचं बीपी बराच वेळ टिकून राहतं, नाडी आधी चढते. नाडीचा आकडा वरच्या बीपीच्या आकड्याजवळ येऊ लागला की डॉक्टरांना बोलवायला उशीर करू नका. स्पायनलचा असर असेपर्यंत तिला खालचं ओलंही कळत नाही, त्यामुळे "तिने सांगितलं नाही" हे कारण चालणार नाही. आणि सिझरमध्ये एकूण रक्तस्राव एक लिटरवर गेला तर तो धोक्याचा धरतात, पण आधीच अशक्त, हिमोग्लोबिन कमी असलेल्या बाईला त्याहून कमी रक्तही झेपत नाही.

"टाके उसवतील" या भीतीने विद्यार्थिनी पिशवीला हातच लावत नाहीत. हल्लीचा छेद बहुतेक वेळा ओटीपोटात, खाली आडवा असतो आणि पिशवीचा माथा असतो बेंबीजवळ. एका हाताने छेदाच्या वरून आधार द्या, दुसऱ्या हाताने बाजूने हळूच चाचपा. घट्ट लागली तर सोडून द्या, विनाकारण चोळू नका. मऊ लागली तरच चोळा, आणि तेव्हा तिला दुखलं तरी चोळा.

माझी सवय अशी : पहिले दोन तास दर १५ मिनिटांनी आधी नाडी, मग पिशवी, मग कुशीवर वळवून कमरेखाली हात, शेवटी युरिन बॅग. तक्त्यावर एका दमात चार रकाने भरणाऱ्या मुली मला चालत नाहीत. आकडे सारखेच निघाले तरी ते मोजूनच निघाले पाहिजेत.

आता उठवण्याबद्दल. एक चूक म्हणजे २४ तास उशी न देता सपाट झोपवून ठेवणं. स्पायनलनंतरची डोकेदुखी त्याने टळत नाही, उलट पायातल्या शिरांमध्ये रक्ताच्या गाठी होण्याची भीती वाढते. उलटी चूक म्हणजे सहा तास झाले म्हणून हात धरून ओढून उभं करणं. अशीच एक बाई बाथरूममध्ये आतून कडी लावून कोसळली होती. दार ढकलून उघडेपर्यंत आमचा जीव थाऱ्यावर नव्हता.

म्हणून घड्याळाआधी पाय पाहा. दोन्ही पाय सरळ उचलता येतात का? मग दुखण्याची गोळी दिल्यावर अर्ध्या तासाने तिला कुशीवर वळू द्या, गुडघे दुमडून कोपरावर जोर देत बसू द्या. पाय सोडून पाच मिनिटं बसल्यावर नाडी बघा, घेरी येते का विचारा. दोघीजणी दोन बाजूंना असल्याशिवाय उभं करू नका. पहिली फेरी खुर्चीपर्यंतच, आणि बाथरूमला जाईल तेव्हा कडी नाही. उभं राहताच साठलेलं रक्त एकदम खाली येतं आणि ती घाबरते, हे आधीच सांगून ठेवा. ते लगेच थांबलं तर ठीक. वाहत राहिलं तर परत झोपवा आणि पिशवी चाचपा. एकाच पोटरीला सूज आली किंवा ती दुखू लागली तर मालिश करायची नाही, डॉक्टरांना दाखवायचं.

जखमेच्या बाबतीत घाई नडते. ड्रेसिंगवर डाग दिसला की मुली ते उचकटून बघतात. त्यापेक्षा डागाभोवती पेनाने रेघ मारा आणि वेळ लिहा. रेघ ओलांडली की कळवा. वरणभाताने टाके पिकत नाहीत, हे सासूबाईंना समजावण्यात वेळ गेला तरी जाऊ द्या, कारण उपाशी बाळंतिणीची जखम भरायला वेळ लागतो. जखम सहसा घरी गेल्यावर, चौथ्या ते सातव्या दिवसाच्या सुमारास चिघळते. म्हणून लाली, पाणी, वास, ताप ही लक्षणं सुट्टीच्या वेळी तिच्या तोंडून वदवून घ्या. पोटाची घडी छेदावर पडत असेल तर अंघोळीनंतर ती उचलून कोरडी टिपायला आरशासमोर शिकवा. हळद, तेल, शेगडीचा शेक जखमेवर नको.

आणि "आई-बाळ नातं दृढ करणे" हे वाक्य वहीत दिसलं की मी लाल रेघ ओढते. काय करणार ते लिहा. आई शुद्धीवर आणि बाळ ठीक असेल तर टेबलावरच बाळ तिच्या उघड्या छातीवर आडवं ठेवायचं, नाक मोकळं, चेहरा एका बाजूला, वरून कोरडं दुपटं. पहिल्या तासात चीक पाजायचा. मध नाही, गुटी नाही. औषधाने तिचे डोळे मिटत असतील तर कुणीतरी शेजारी बसून बाळाचा रंग आणि श्वास पाहत राहायचं, तिला एकटीला बाळ देऊन निघून यायचं नाही. पाजताना बाळाचे पाय तिच्या काखेतून मागे जाऊ द्या, म्हणजे छेदावर भार येत नाही. बाळ काचेत ठेवलं असेल तर पहिल्या काही तासांतच हाताने चीक काढून स्वच्छ वाटीतून तिकडे पाठवा. चमचाभरच निघेल. तो टाकू नका, आणि बाळाला पाजल्यावर वर येऊन आईला सांगा की प्यायलं.