टर्म पेपरचा लिटरेचर रिव्ह्यू वादांभोवती कसा बांधावा

राज्यशास्त्राचा टर्म पेपर हातात आला की मी रिव्ह्यूतल्या प्रत्येक परिच्छेदाचा पहिला शब्द आधी पाहतो. तिथे ओळीने आडनावं दिसली की पुढचं कळतं: अमुक असं म्हणतात, तमुक तसं म्हणतात, आणि दोघांचा एकमेकांशी संबंध वाचणाऱ्याने शोधायचा. ‘प्रत्येक लेखाचा सारांश काढा आणि सालाप्रमाणे लावा’ हा सल्ला अजून सर्रास दिला जातो. तो पाळू नका.

लेख शोधणं, वाचणं, टिपणं काढणं तुम्हाला येतंच.

अडतं ते टिपणांतून वाद काढताना. मीही इथेच अडलो होतो. विषय होता आर्थिक विकास आणि लोकशाही. मी सगळे लेख ‘विकासामुळे लोकशाही येते म्हणणारे’ आणि ‘नाही म्हणणारे’ अशा दोन गटांत वाटले आणि वाद सापडला असं समजलो. शिक्षकांनी एकच विचारलं, “यांचा मतभेद नेमक्या कोणत्या प्रश्नावर आहे?” मला सांगता आलं नाही, कारण मी बाजू ठरवल्या होत्या, प्रश्न ठरवलाच नव्हता.

म्हणून आधी विषयाचे प्रश्न करा, आणि तेही हो किंवा नाही असं उत्तर देता येईल असे. माझ्या विषयात दोन प्रश्न एकमेकांत मिसळले होते. उत्पन्न वाढलं की हुकूमशाही देश लोकशाहीकडे वळतो का? आणि आलेली लोकशाही श्रीमंत देशात जास्त टिकते का? लिपसेट यांनी १९५९ मध्ये विकास आणि लोकशाही यांचा संबंध दाखवला, तेव्हा हे दोन प्रश्न वेगळे काढलेले नव्हते. ते वेगळे केले प्शेवोर्स्की आणि लिमोंगी यांनी, १९९७ मध्ये. १९५० ते १९९० या काळातले देश तपासून त्यांनी पहिल्याला ‘नाही’ आणि दुसऱ्याला ‘हो’ असं उत्तर दिलं. मी त्यांना सरसकट विरोधकांत टाकलं होतं. दुसऱ्या प्रश्नावर मात्र ते विकासाला महत्त्व देणाऱ्यांच्याच बाजूचे आहेत.

आता तक्ता करा. आडव्या ओळींत लेख, उभ्या रकान्यांत प्रश्न. प्रत्येक चौकटीत उत्तर आणि ते कशाच्या आधारावर दिलंय, एवढंच. लेख ज्या प्रश्नावर गप्प आहे ती चौकट रिकामी ठेवा. ओढूनताणून भरली की लेखकाच्या तोंडी नसलेलं मत जातं. सगळ्यांचं उत्तर सारखं असलेला रकाना हा वाद नव्हे, तो एका वाक्यात उरका.

यानंतरची पायरी बहुतेक जण गाळतात: उत्तरं वेगळी का आली? पहिल्याच प्रश्नाचा रकाना घ्या. बोइश आणि स्टोक्स यांनी २००३ मध्ये एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत मागे जाऊन ‘हो’ म्हटलं. १९५० येईपर्यंत बरेच श्रीमंत देश लोकशाही झालेलेच होते, त्यामुळे तिथून मोजायला सुरुवात केली तर ते बदल दिसणारच नाहीत, असा त्यांचा आक्षेप. असेमोग्लू आणि सहकारी २००८ मध्ये ‘नाही’कडे झुकले, पण कारण वेगळं होतं. देशादेशांची तुलना सोडून त्यांनी एकाच देशात काळानुसार होणारा बदल पाहिला, तेव्हा संबंध उरला नाही. उत्पन्न आणि लोकशाही या दोन्हींची मुळं देशाच्या जुन्या इतिहासात आहेत, असं त्यांचं म्हणणं. म्हणजे एकाचा आक्षेप कालखंडावर, दुसऱ्याचा तुलनेच्या पद्धतीवर. हे वाक्य तुमच्या रिव्ह्यूत नसेल तर तो अजून सारांशच आहे.

एक धोका सांगतो. कधी वाद खोटा असतो. प्शेवोर्स्कींच्या मोजणीत देश लोकशाही असतो किंवा नसतो, मधलं काही नाही. असेमोग्लू यांनी चढत्या गुणांची मोजपट्टी वापरली. निष्कर्षांतला किती फरक या व्याख्येतून येतो, हे न तपासता दोघांना समोरासमोर उभं करू नका. तपासता येत नसेल तर व्याख्या वेगळ्या आहेत एवढं तरी लिहा.

लिहिताना परिच्छेद प्रश्नाने किंवा दाव्याने उघडा, नावं दुसऱ्या वाक्यापासून. ‘बोइश आणि स्टोक्स यांनी दीर्घ कालखंड अभ्यासला’ असं नको. ‘उत्पन्नाचा परिणाम दिसतो की नाही, हे कोणत्या काळापासून मोजता यावर अवलंबून आहे’ असं लिहा. एकच लेखक दोन परिच्छेदांत आला तर येऊ द्या. प्शेवोर्स्की इथे येणारच. मसुदा झाला की सगळी नावं बोटाने झाकून वाचा. युक्तिवाद तरीही पुढे सरकत असेल तर ठीक. नावं झाकताच परिच्छेद कोसळला तर तक्त्याकडे परत जा.

शेवटच्या परिच्छेदात तुमचा पेपर कोणत्या रकान्यात आणि कोणाच्या आक्षेपाला धरून भर घालतो ते लिहा. ‘या विषयावर फारसं संशोधन झालेलं नाही’ हे वाक्य मात्र खोडून टाका.