होर्डिंगवर शब्द किती? या चुका टाळा

४० बाय २० फुटांचं डिझाइन स्क्रीनभर उघडलं की जागा भरपूर दिसते, आणि मग "इथे रिकामं वाटतंय, अजून एक ओळ टाका" सुरू होतं. रस्त्यावर ३०० फुटांवरून तेच होर्डिंग हात लांब करून धरलेल्या व्हिजिटिंग कार्डाएवढं दिसतं. म्हणून मी प्रत्येक डिझाइनची कार्डाच्या मापात प्रिंट काढतो, हात लांब करून बघतो आणि चार सेकंदांत खाली ठेवतो. ताशी ८० च्या वेगाने ३०० फूट तेवढ्यातच संपतात, आणि त्यातही चालवणाऱ्याची नजर पुढच्या ट्रकवर असते.

पुणे-सातारा रस्त्यावर एका कापड दुकानाचं होर्डिंग मी केलं होतं. 'लग्नसमारंभासाठी सर्वोत्कृष्ट दर्जाच्या पैठणी, शालू'पासून शाखांच्या पत्त्यांपर्यंत एकतीस शब्द. मालकांचा आग्रह होता, आणि मीही मान डोलावली. फ्लेक्स चढल्यावर त्यांच्याच गाडीतून बघायला गेलो. होर्डिंग मागे पडल्यावर ते म्हणाले, "अहो, दुकानाचं नाव दिसलं, बाकी काय लिहिलंय?" मजकूर त्यांनीच दिलेला होता! 'सर्वोत्कृष्ट'मधला 'त्कृष्ट' तर नुसता काळा ठिपका झाला होता. फ्लेक्स उतरवून नवा केला: 'लग्नाचा बस्ता? पोवई नाका, सातारा.' पाच शब्द आणि खाली दुकानाचं नाव.

देवनागरीत हे गणित आणखी कडक होतं. सहज वाचता यावं म्हणून मी दर १० फुटांना एक इंच अक्षर धरतो, म्हणजे ३०० फुटांना ३० इंच. हे माप शिरोरेषेपासून खालचं, नुसत्या अक्षराचं. वर वेलांटी-मात्रा आणि खाली उकार धरले की एक ओळ साधारण दुप्पट, ६० इंच जागा खाते. २० फूट म्हणजे २४० इंच. मजकुराच्या दोन ओळी, खाली नाव आणि उरलेली मोकळी जागा, एवढंच बसतं. नवीन मुलं इथे फॉन्ट दाबून तिसरी ओळ घुसवतात. ओळ बसते, पण वरचा उकार खालच्या वेलांटीला टेकतो आणि दोन्ही ओळी जातात. फॉन्ट दाबू नका, शब्द काढा.

बारीक फॉन्टला आउटलाइन देऊन जाड करणं हाही शॉर्टकटच. 'घ', 'ध', 'भ' यांच्या पोटातल्या मोकळ्या जागा बुजतात. मुळातच जाड वजनाचा फॉन्ट घ्या.

हायवेवर क्यूआर कोड नको. फोन नंबरही नको, गाडी चालवताना कोणी लिहून घेत नाही.

निळ्यावर लाल अक्षरं कधीच नाहीत. पिवळ्यावर काळी चालतात.

आणि साइट न बघता डिझाइन सुरू करू नका. मी आधी चालत्या गाडीतून शेजारच्याला व्हिडिओ काढायला लावतो. झाड किंवा विजेचा खांब होर्डिंगचा कुठला कोपरा झाकतो ते त्यात कळतं. मग त्या कोपऱ्यात मी काहीच लिहीत नाही.