गाडी आत घेताना लाल दिवा मधेच लागतो? सेन्सरची जागा बघा

आमच्या गावाकडं जुन्या गोठ्याचंच गॅरेज होतं, रुंदी जेमतेम आठ फूट. गाडी कुठं थांबवायची ते कळावं म्हणून मागच्या भिंतीवर आवाजानं अंतर मोजणारा HC-SR04 सेन्सर आणि त्यावर चालणारे दिवे बसवले: गाडी मीटरभरावर येईपर्यंत हिरवा, पुढं पिवळा, ४० सेंटिमीटरला लाल. पण गाडी दारात असतानाच लाल लागायचा.

कारण कडेला ठेवलेला फवारणी पंप. सेन्सरचा आवाज टॉर्चच्या उजेडासारखा पसरत जातो आणि जी वस्तू आधी लागते तिचंच अंतर दाखवतो. म्हणून आधी गॅरेज रिकामं असताना आकडा बघा. दोन मीटरच्या आत काही दिसलं, तर ती वस्तू हलवा.

सेन्सरची उंची नंबर प्लेटएवढी ठेवा. प्लेट सपाट असल्यानं आवाज सरळ परत येतो, तिरप्या बोनेटवरून तो वर उडतो आणि आकडा उड्या मारतो. दिवा लाल-पिवळा लुकलुकत असेल, तर लाल ४० ला लागू द्या, पण ४५ ओलांडल्यावरच विझू द्या.

मे महिन्यातल्या ४५ अंशांत आवाज जलद धावतो, त्यामुळं अंतर थोडं कमी दिसतं. ४० सेंटिमीटरला हा फरक दोनच्या आत राहतो, त्यासाठी वेगळा तापमान सेन्सर घ्यायची गरज नाही.