तालुक्याची सरासरी आणि ठिबकवाला ऊस: माझा प्रोजेक्ट जिथं फसला ते

एमएस्सी स्टॅटच्या दुसऱ्या वर्षाला विषय घेतला, सांगली जिल्ह्यात ठिबकनं उसाचं एकरी टनेज वाढतं का. दहा तालुके, प्रत्येकात किती टक्के ऊस ठिबकवर आणि सरासरी टनेज किती, म्हणजे दहा ठिपके आणि एक रेष. रेष खाली गेली आणि मी रिपोर्टात सरळ लिहून टाकलं की ठिबकनं टनेज घटतं. व्हायवाला बाहेरून आलेल्या सरांनी एवढंच विचारलं, "यात एकातरी शेतकऱ्याचा आकडा आहे का?" नव्हता. ती दोन मिनिटं अजून आठवली की पोटात गोळा येतो.

या चुकीला इकॉलॉजिकल फॅलसी म्हणतात, तिची डेफिनेशन तुम्हाला पाठ असणार, मलापण होती. पण स्वतःच्या डेटात ती ओळखू येत नाही, म्हणून हे नीट सांगतो. आकडे समजायला सोपे म्हणून मी धरलेत.

समजा कृष्णाकाठचा एक तालुका, तिथं शंभर शेतकरी. वीस जण ठिबकवर, एकरी ५५ टन काढतात, ऐंशी जण पाटपाण्यावर, ५० टन. सरासरी ५१. आता जत-आटपाडीकडचा दुष्काळी तालुका घ्या, तिथंही शंभर. साठ जण ठिबकवर, ४० टन, चाळीस जण पाटपाण्यावर, ३३ टन. सरासरी ३७.२. तालुक्याच्या तक्त्यात काय दिसतं? ठिबक २० टक्के तिथं ५१ टन, ६० टक्के तिथं ३७. पण आत शिरून बघा, एकीकडं ठिबकवाला ५ टनांनी पुढं, दुसरीकडं ७ टनांनी. दोन्हीकडं पुढंच! पाणी कमी म्हणून लोक ठिबक घालतात आणि पाणी कमी म्हणूनच तिथं टनेज कमी, रेषेनं मला पाण्याची टंचाई दाखवली आणि मी ती ठिबकच्या नावावर घातली. हीच इकॉलॉजिकल फॅलसी.

याचं जुनं उदाहरण समाजशास्त्रज्ञ रॉबिन्सनच्या १९५० च्या पेपरात आहे. अमेरिकेच्या १९३० च्या जनगणनेत राज्यवार बघितलं तर परदेशात जन्मलेले जास्त तिथं निरक्षरता कमी, कोरिलेशन उणे ०.५३, आणि माणसामाणसाला धरून काढलं तर अधिक ०.१२. चिन्हच उलटलं, कारण बाहेरून आलेले लोक मुळात जास्त साक्षर राज्यांत जाऊन राहिले होते.

आता इथं बरेच जण म्हणतात की मग शेतकरीवार डेटा घेतला की झालं. नाही झालं! वरचे दोनशे जण एकत्र केले तर ठिबकवाल्यांची सरासरी येते ४३.७५ आणि पाटपाणीवाल्यांची ४४.३३, म्हणजे ठिबक अजूनही मागंच. तालुका वेगळा धरल्याशिवाय सुटका नाही, रिग्रेशनच्या आधी हे एकदा चालवा:

```
df.groupby(["taluka","thibak"])["tan"].agg(["mean","count"])
```

आणि count न बघता फक्त mean बघू नका. एखाद्या खणात चारच शेतकरी असले तर त्या सरासरीवर काही उभं राहत नाही. माझे गाईड आर-स्क्वेअर बघून खूश झाले होते. माझं स्पष्ट मत आहे, मॉडेल बघणाऱ्या गाईडपेक्षा शेतकऱ्यांची यादी कुठून आणली विचारणारा गाईड शोधा. घाबरू नका पण, तुमची रेष उलटी आली म्हणजे सगळं काम वाया असं नाही, तोच डेटा तालुक्यात फोडला की बऱ्याचदा उत्तर तिथंच असतं.

यादीचं म्हणाल तर दुसऱ्यांदा मी तिथंच अडकलो. शेतकरीवार डेटासाठी कारखान्याच्या गट ऑफिसातनं यादी घेतली, सलग पाच हंगाम ऊस घातलेल्यांची. वाटलं, पक्की माणसं, पक्के आकडे. पण विहिरीनं तळ गाठला म्हणून ज्यानं ऊस मोडून ज्वारी किंवा डाळिंब केलं तो या यादीत येणारच कसा? समजा दुष्काळी तालुक्यात पाटपाण्यावर पहिल्या वर्षी साठ जण होते, १८ टनांवर आलेल्या वीस जणांनी ऊस सोडला, उरलेले चाळीस ३३ टनांवर. साठांची खरी सरासरी २८, आणि माझ्याकडं दिसते ३३. ठिबकवाले कुणी गळाले नाहीत असं धरलं तर फरक १२ टनांचा, मला दिसला ७. सर्व्हायव्हरशिप बायस म्हणतात तो हाच, टिकले तेवढेच मोजले.

ओळखायचं कसं? यादी शेवटच्या वर्षाची न घेता पहिल्या वर्षाची घ्या आणि तिथनं पुढं प्रत्येक नाव कुठं गेलं ते बघा, ठिबकवाले किती गळाले, पाटपाणीवाले किती, वेगवेगळं. दोन्हीकडं गळती सारखीच असली तरी निर्धास्त होऊ नका, कोण गळालं तेपण बघायचं. गळालेल्यांचं टनेज कॉम्प्युटरात मिळत नाही. मला ते कारखान्याच्या स्लिपबॉयनं सांगितलं, कुणी कुठल्या साली ऊस मोडला ते त्याला तोंडपाठ होतं, दोन दिवस त्याच्या गाडीमागं बसून मी वस्त्या फिरलो आणि रिपोर्टातला तो तक्ता परत पहिल्यापासून भरला.