जॅमची ग्रूप थिअरी: मी आधी फक्त 'ऑर्डर'वर तीन आठवडे घालवले

जॅमच्या मॅथ्सची तयारी सुरू केली तेव्हा मी ग्रूप थिअरी पुस्तकाच्या पहिल्या पानापासून वाचत बसले, दिवाळी उलटली, परीक्षा फेब्रुवारीत आणि माझी गाडी अजून कोसेट्सवरच. मग दादरच्या अभ्यासिकेत बसून जुने पेपर काढले, ग्रूप्सचे सगळे प्रश्न एका वहीत उतरवले आणि प्रत्येकाखाली एकच ओळ लिहिली, हा नेमकं विचारतोय काय. बरेचसे प्रश्न फिरून फिरून एकाच जागी आले: एलिमेंटची ऑर्डर.

म्हणून पहिले तीन आठवडे तेवढंच केलं. उदाहरण घ्या, Z_12 × Z_18 मध्ये ऑर्डर 6 चे एलिमेंट किती? जोड्या मोजत बसलात तर चुकणारच. त्यापेक्षा ज्यांची ऑर्डर 6 ला भागते ते आधी मोजा: पहिल्यात 6, दुसऱ्यात 6, म्हणजे 36. त्यात ऑर्डर 3 ला भागणारे 9 आणि 2 ला भागणारे 4 नकोत, पण आयडेंटिटी दोनदा वजा झाली म्हणून 1 परत मिळवायचा, उत्तर 24. पुढे ऑर्डर 6 चे सायक्लिक सबग्रूप विचारले तर प्रत्येकात असे दोन जनरेटर असतात, म्हणून 12. मी सुरुवातीला इथे 24 च लिहायचे, आणि असा प्रश्न न्यूमेरिकलमध्ये आला की पर्याय नसतात, त्यामुळे चूक कळतच नाही.

S_5 मध्ये ऑर्डर 6 विचारलं तर '6 लांबीची सायकल बसतच नाही, उत्तर शून्य' असं पटकन वाटतं. पण 3 ची आणि 2 ची सायकल एकत्र घेतली की लसावि 6 येतो, तीन आकडे निवडायचे 10 प्रकार, प्रत्येकी दोन सायकल, उरलेल्या दोघांची एकच, एकूण 20.

होमोमॉर्फिझम मोजणं त्यानंतर घ्या, कारण तेही ऑर्डरवरच उभं आहे. Z_12 पासून Z_18 पर्यंत 6, कारण जनरेटरची इमेज 12 ला भागणाऱ्या ऑर्डरचीच हवी. पण S_3 पासून Z_6 ला हीच युक्ती आंधळेपणाने लावू नका. Z_6 अबेलियन, म्हणून 3-सायकल सगळ्या आयडेंटिटीवर जातात, उरतात फक्त 2. मॉक टेस्टमध्ये मी इथे 6 लिहून आले होते, वाईट वाटलं खूप.

भांडुपहून स्लो लोकलने जाताना पुस्तक उघडायला जागा कुठली, म्हणून चिठ्ठ्या केल्या, एका चिठ्ठीवर एकच ग्रूप, मागे प्रत्येक ऑर्डरचे किती एलिमेंट ते. D_4 ला ऑर्डर 2 चे पाच, Q_8 ला एकच. दोन्ही 8 एलिमेंटचे नॉन-अबेलियन, पण हा एक आकडा पाहिला की आयसोमॉर्फिक नाहीत हे उभ्याउभ्या कळतं.